आत लोशन, वर सेंट: वास खरंच टिकतो की लोशन खपवायचा धंदा?

टिळकवाडीची_अनू

नमस्कार मंडळी. रोज बेळगाव ते खानापूर बसने जाते, तिथं हायस्कूलवर शिकवते. सकाळी साडेआठला सेंट मारून घराबाहेर पडते आणि दहाच्या प्रार्थनेला उभी राहते तोवर वास गायब. बाटली १८०० रुपयांची. वरचा वास संत्र्या-लिंबाच्या सालीसारखा, खाली जरा लाकडाचा. भावानं वाढदिवसाला दिली म्हणून, नाहीतर एवढे पैसे मी घालणार नाही.

पुण्याची बहीण म्हणाली, आधी वासाचं लोशन लाव आणि त्यावर सेंट मार, दिवसभर हलत नाही. तिनंच गुलाबाच्या वासाचं लोशन पाठवलं. सोमवारी आंघोळ झाल्याबरोबर दोन्ही हातांना भरपूर चोपडलं, लगेच वर चार फवारे मारले. बसमध्ये बसल्यावर गुलाब सरबतात लिंबू पिळून ठेवल्यासारखा वास यायला लागला. स्टाफरूममध्ये शेजारची म्हणते, "काय गे, आज अंगाला औषध चोळून आलीस?" वर संध्याकाळी बघते तर कुर्त्याच्या बाहीला तेलकट कड.

तर ही युक्ती खरी आहे की नाही? खरी असेल तर माझं कुठं चुकलं?

---

चिकोडीचा_बंड्या

मॅडम, युक्ती शंभर टक्के खरी. लोशननं कातडीची रंध्रं बंद होतात, सेंट आत मुरत नाही, वरच राहतो. मनगटावर आणि कानामागं मारा, तिथं नाडी असते, गरम जागा, वास जास्त टिकतो. आणि मनगटं एकमेकांवर घासायची, म्हणजे पक्का बसतो.

---

सौ_शहापूर

अनू, घामाचा वास येत असेल तर सेंटवर पैसे घालू नको गे. तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरव. मी ३० वर्षं तेच करतो. (नवीन लोकांसाठी सांगून ठेवते, मी बाईच आहे. आमच्याकडं बायकासुद्धा "करतो, गेलो" म्हणतात. मागच्या धाग्यात एकजण मला काका म्हणाला.)

---

टिळकवाडीची_अनू

काकू, घामाचं नाही हो! चांगला वास टिकत नाही, ते विचारतेय. तुरटीचं लक्षात ठेवते.

---

निपाणी_नाका

मी साबण-लोशनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत २४ वर्षं काढली, आता घरी बसून आहे. म्हणून थोडं लांब लिहितो.

युक्ती खरी आहे, खरं बंड्या सांगतो ते कारण नव्हे. लोशन काही रंध्रांना बूच लावत नाही. सेंटच्या बाटलीत बहुतेक अल्कोहोल असतं, ते मिनिटाभरात उडतं आणि कातडीवर सुगंधी द्रव्याचा अगदी पातळ थर उरतो. कातडी कोरडी असली तर त्या थराला धरून ठेवणारं काही नसतं, तो उघड्यावर पडल्यासारखा भराभर उडून जातो. खाली स्निग्ध पदार्थ असला तर सुगंधी द्रव्य त्यात विरघळतं. तेलात विरघळलेला वास बाहेर सुटायला वेळ घेतो. पाण्यात टाकलेला कापूर आणि तुपात मुरवलेली वेलची, एवढा फरक समजा.

आता यातली मेख ऐका. वास हळू सुटतो म्हणजे एका वेळी कमी सुटतो. वास टिकतो तो अंगाजवळ टिकतो. चार हात लांबच्या माणसाला पहिल्या तासात उलट कमीच येईल. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि लोशन विकणारे एवढंच सांगत नाहीत.

अनूताई, तुमच्या तीन गोष्टी चुकल्या. पहिली, थांबला नाहीत. लोशनमध्ये अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. ते कातडीवर पसरलं की पाणी उडायला पाच-दहा मिनिटं लागतात, मग खाली तेल आणि ग्लिसरीन उरतं. ओल्या लोशनवर फवारा मारला की अल्कोहोल आणि ते पाणी मिळून सगळं ओघळतं आणि थर ठिकठिकाणी जाड-पातळ होतो. दुसरी, भरपूर चोपडलंत. कोपरापासून मनगटापर्यंतच्या एका हाताला हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरतं. लावून दहा मिनिटांनी त्यावर टिश्यूपेपर हलका दाबा. कागदावर पारदर्शक डाग पडला तर जास्त झालं. बाहीला लागलं ते तेच. तिसरी, आणि मोठी, म्हणजे लोशनचा वास.

---

टिळकवाडीची_अनू

तिसरी जरा उलगडून सांगा ना काका. बहिणीचं लोशनसुद्धा "सेंटखाली लावायचं" म्हणूनच विकतात.

---

निपाणी_नाका

सांगतो. लोशनमध्ये सुगंध साधारण शेकडा अर्धा ते एक भाग असतो. तुमच्या सेंटमध्ये शेकडा पंधराच्या आसपास असेल. म्हणजे लोशनचा वास तसा फिका. खरं, लोशन हातभर पसरलेलं असतं आणि त्याचा वास आधीपासूनच तेलात बसलेला असतो, म्हणून तो सावकाश आणि सलग येत राहतो. सेंटचा फवारा रुपयाएवढ्या जागेवर. त्यातला लिंबू-संत्र्याचा भाग जात्याच उडाऊ, १५-२० मिनिटांत त्याचा जोर संपतो. त्याला कुठल्याही लोशननं दिवसभर बांधून ठेवता येत नाही. मागं उरतं ते लाकूड आणि कस्तुरीसारखं काहीतरी जड, आणि त्याच्याशेजारी तुमचा गुलाब. दोघांची ओळख नाही, म्हणून औषधासारखा वास.

वासाचं लोशन वापरायचंच असेल तर सेंटच्या तळाच्या वासाशी जुळणारं घ्या, वरच्या नव्हे. तुमच्या बाटलीला चंदन किंवा साधा व्हॅनिला चालेल. नाहीतर बिनवासाचं घ्या. माझं मत विचाराल तर दहात आठ वेळा बिनवासाचंच बरं.

मनगटाचं. गरम जागी वास जोरात सुटतो हे बंड्याचं बरोबर. खरं जोरात सुटतो म्हणून लवकर संपतो. शिवाय मास्तरीणबाई दिवसात किती वेळा हात धुणार? खडू, डबा, परत खडू. मनगटावरचं तिथंच वाहून जातं. कोपराच्या आतल्या खोबणीत आणि मानेच्या मागं मारा.

---

चिकोडीचा_बंड्या

काका, घासायचं तरी बरोबर ना? सगळे सिनेमातले हिरो घासतात.

---

निपाणी_नाका

घासल्यानं ऊब येते आणि थर पसरून पातळ होतो, वरचा वास आणखी लवकर जातो. फार मोठं नुकसान आहे असं मी म्हणत नाही. खाली लोशन असेल तर मात्र सगळं कालवून टाकाल. सुकू द्या, एवढंच.

---

रानातला_खानापूर

माझाही अनुभव लिहितो, म्हणजे दुसरं कोण करणार नाही. व्हिडिओ बघून घरीच वासाचं तेल केलं. दोन चमचे खोबरेल, त्यात दालचिनीचं तेल आणि लिंबाचं तेल मिळून दहा थेंब. मानेला आणि हातांना लावून वर सेंट मारला. वास जबरदस्त टिकला, दुपारीही बायको म्हणाली मसाल्याच्या गिरणीत जाऊन आलास काय. तिसऱ्या दिवशी मानेला आग, बारीक पुरळ. उजव्या हातावर, बाइक चालवताना जो उन्हात राहतो तिथं, तपकिरी पट्टा उठला तो दोन महिने गेला नाही. डॉक्टरांनी तेल बंद करायला लावलं. "नैसर्गिक आहे, त्याला काय होतंय" असं मीच बायकोला सांगितलेलं.

---

निपाणी_नाका

दोन चमचे म्हणजे १० मिली. त्यात दहा थेंब म्हणजे जवळपास शेकडा पाच. अंगावर ठेवायच्या तेलात मी शेकडा एकच्या वर जाणार नाही, म्हणजे तुमच्या मापाला दोन थेंब. आणि दालचिनीचं तेल एक थेंबही नको. कातडी चिडवण्यात ते पहिल्या नंबरात बसतं, आणि एकदा अंगाला वावडं जडलं की पुढं साबणात, सेंटमध्ये, कुठंही ते भेटलं की पुरळ येतं.

तपकिरी पट्टा लिंबाचा. साल दाबून काढलेल्या लिंबू आणि बर्गमोटच्या तेलात अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागं डाग राहतो. बर्गमोट हे संत्र्याच्याच जातीचं फळ, चहात घालतात. तयार सेंटमध्ये यावर मर्यादा पाळतात, घरच्या वाटीत कोण पाळणार? अनूताई, तुम्ही खिडकीशी बसत असाल तर हे लक्षात असू द्या.

कुठलंही नवं लोशन कोपराच्या आत छोट्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. एका दिवसात कळत नाही. पुरळ बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या दिवशी येतं.

---

खडेबाजार_अत्तर

आमचं दुकान आजोबांपासूनचं. लोशन कशाला पाहिजे? अत्तर हेच तेल. कन्नौजकडं गुलाब, मोतिया, केवडा भट्टीवर चढवून त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदन स्वतः जड, धीम्या वासाचं, फुलाला धरून बसतं. काका जे सांगतात तेच, फक्त जुन्या लोकांनी आधीच करून ठेवलंय. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं अत्तर कोपरात लावा, वर आपला सेंट मारा.

खोटं बोलणार नाही, आता खऱ्या चंदनात उतरवलेलं फार महाग पडतं. स्वस्त कुपीत बिनवासाचं पातळ तेल घालून वास मिसळलेला असतो. टिकतं तेही, खरं मजा तशी नाही.

---

निपाणी_नाका

अत्तरवाले, खाली अत्तर हे मला मान्य. खरं लिंबूवाल्या सेंटखाली केवडा दिलात तर अनूताईंच्या स्टाफरूममध्ये परत औषधच.

---

खडेबाजार_अत्तर

केवडा कोण देतंय साहेब. खस देईन. खस आणि लिंबू, उन्हाळ्यात दुसरं काही नको.

आणि एक गोष्ट मी मानत नाही. तुम्ही सगळे खाली तेल म्हणता. आमचे वडील आधी सेंट मारायला सांगायचे आणि अर्ध्या तासानं त्यावर अत्तराचं बोट. वरून झाकण बसतं म्हणायचे.

---

निपाणी_नाका

अर्ध्या तासात लिंबू उडून गेलेलं असतं, झाकण कशावर बसवणार? जड वासाचा सेंट असेल तर फरक पडेलही. मी असं मोजून पाहिलेलं नाही.

---

सौ_शहापूर

साधं खोबरेल लावलं तर? घरात असतंच. थंडीत ते गोठतं तेवढीच कटकट.

---

टिळकवाडीची_अनू

काकू, केलं की! आधी सगळं सांगते, आठवडाभर खटाटोप चाललाय.

काकांचं वाचून ठरवलं की आपल्या नाकावर विश्वास ठेवायचा नाही. डाव्या हाताला काही नाही, उजव्या हाताला बिनवासाचं लोशन हरभऱ्याएवढं, दहा मिनिटं थांबून दोन्ही कोपरांत एक-एक फवारा, वीतभर अंतरावरून. वेळ सकाळी आठ. शाळेत आमच्या विज्ञानाच्या मॅडमना डोळे मिटून वास घ्यायला लावला, कुठल्या हाताला काय ते सांगितलं नाही. मुलांनी बघितलं आणि दिवसभर हसली, ते सोडा.

दहा वाजता त्या म्हणाल्या डावा हात जास्त येतोय. मी हिरमुसलो. साडेबाराला दोन्ही सारखे. तीन वाजता डाव्याला जवळजवळ काही नाही, उजव्याला "लाकडाच्या कपाटासारखा मंद". सव्वापाचला उजव्याला अजून होता, नाक टेकवल्यावर. लिंबू मात्र दहालाच दोन्हीकडून गेलेलं.

आणि गंमत म्हणजे मला स्वतःला दहा वाजता दोन्ही हातांचा वास येत नव्हता! म्हणजे इतके दिवस मी "गायब" म्हणत होतो तेव्हा तो गायब नव्हताच.

दुसऱ्या दिवशी गुलाबाचं लोशन, तेवढंच, थांबून. या वेळी औषध नाही झालं. सव्वापाचला मॅडम म्हणाल्या, छान येतोय, गुलाबाचा. म्हणजे टिकला तो लोशनचा वास, भावाची बाटली कुठंच नाही.

तिसऱ्या दिवशी खोबरेल, घाण्यावरचं. सकाळी आमच्याकडं ते वडीसारखं घट्ट झालेलं, तळहातावर चोळून पातळ केलं. टिकायला टिकला, लोशनपेक्षा जास्तच. खरं वास कसला, तर खोबऱ्याच्या वडीत लिंबाची साल पडल्यासारखा. सहावीतली एक पोरगी विचारते, मॅडम डब्यात काय आणलंय?

---

निपाणी_नाका

वा. आमच्या प्रयोगशाळेतही एवढ्या शिस्तीत सगळे करत नव्हते.

नाकाचं म्हणता ते खरं आहे. एकच वास सतत आला की नाक त्याची नोंद घेणं सोडून देतं. अगरबत्तीच्या खोलीत बसलेल्याला वास येत नाही, बाहेरून येणाऱ्याला दारातच येतो. म्हणून लोक दहा वाजता परत चार फवारे मारतात आणि शेजारच्याचं डोकं दुखतं. त्यातून काही कस्तुरीचे वास असे असतात की काही माणसांना ते मुळातच येत नाहीत. एकाच नाकावर निकाल देऊ नका, तुमच्या विज्ञानाच्या मॅडमच्याही.

खोबरेल घ्यायचं तर रिफाइंड घ्या, त्याला वास नसतो. घाण्याचं जेवणात वापरा. शेंगतेल, तिळाचं तेल तर नकोच, भजीचा वास येईल.

---

चिकोडीचा_बंड्या

मी व्हॅसलीन लावून बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढं दोन्ही कोपरांत. रात्री जेवताना पण वास होता. खरं दिवसभर बाइकवर, आमच्या रस्त्याची सगळी लाल धूळ तिथंच चिकटली. आई म्हणाली, सेंट मारला की शेणकूट थापलंय?

---

निपाणी_नाका

व्हॅसलीन सगळ्यात जास्त धरतं, त्यात पाणी नसतं आणि ते उडतही नाही. घरी, लग्नात, जिथं धूळ नाही तिथं वापर. मेपर्यंत थांब, घाम सुटला की त्याचा राग येईल.

---

रानातला_खानापूर

काका, पावसाळ्यात हे सगळं लागतं का? आमच्याकडं जुलैत कपाटातला चामड्याचा पट्टा पांढरा होतो, इतकी ओल. तेव्हा सेंट आपोआपच जास्त जाणवतो असं मला वाटतं.

---

निपाणी_नाका

दमट हवेत वास जास्त जाणवतो हे पुष्कळ लोक सांगतात, मलाही तसंच वाटतं. तेव्हा कातडी इतकी कोरडी नसते, म्हणून लोशनचा फरक कमी दिसेल. अनूताईंनी हा खटाटोप डिसेंबरात केला, हात फुटायच्या दिवसांत. त्यांनीच जुलैत परत करावा.

---

सौ_शहापूर

हे सगळं वाचून मीपण काल हळदीकुंकवाला जाताना कोपरात लोशन लावलं आणि वर लेकीचा सेंट. बायका म्हणाल्या, छान वास येतोय. घरी येऊन बघतो तर शहापुरी साडीच्या पदराला, जिथं हात दुमडून बसलेलो तिथं, रुपयाएवढा डाग. रेशीम आहे हो. काय करू?

---

निपाणी_नाका

वहिनी, पाणी लावू नका आणि घासू नका. डागावर टाल्कम पावडर जाड पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं झटका. तेल ओढून घेईल. राहिला तर ड्रायक्लीनवाल्याला द्या आणि डाग तेलाचा आहे हे सांगा. पुढच्या वेळी साडीवर मानेच्या मागं, केसांच्या खाली लावा. साडीवर सरळ फवारा नको, रेशमावर सेंटचाही डाग उमटतो.

---

टिळकवाडीची_अनू

आता मी असं धरलंय: बिनवासाचं लोशन, दहा मिनिटं, तेवढ्यात डबा भरून होतो, मग कोपरात एक-एक आणि मानेमागं एक. चारचे तीन फवारे झाले. गुलाबाचं लोशन रात्री झोपताना लावते, बहिणीला वाईट नको वाटायला.

राहिलं अत्तराचं. वर की खाली, ते भांडण तुम्हा दोघांचं मिटलेलं दिसत नाही.

---

खडेबाजार_अत्तर

शनिवारी दुकानी या बाई. एका हाताला खस खाली, दुसऱ्या हाताला खस वर. पैसे घेणार नाही. तुमच्या विज्ञानाच्या मॅडमना घेऊन या, आणि निपाणीचे साहेब येत असतील तर चहा माझ्याकडं.

---

निपाणी_नाका

येतो. खरं डोळे मिटून वास घ्यायला तुमचा दुकानातला माणूस चालणार नाही, दिवसभर अत्तरात बसलेलं नाक ते.

---

चिकोडीचा_बंड्या

मी येतो की! मला सर्दी झालीय तेवढी सोडली तर नाक एकदम निष्पक्ष.